उणे सात आणि साडेसहाचा वर्ग

तेव्हा नोव्हेंबर लागला की मला आधी थकवा यायचा, थंडी मागाहून यायची. लोक दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे करत असायचे आणि मी अमेरिकेची घड्याळं सरकवायला बसायची. सिंदी मेघेच्या आमच्या घरात, वरच्या खोलीत, पाठीला उशी लावून. हे काम मला कोणी दिलं नव्हतं. मीच ते माझ्या हातानं जन्माला घातलं होतं, त्यामुळे बोंब मारायचीही सोय नव्हती.

मी जावामध्ये प्रोग्राम लिहिते. पुण्याच्या एका कंपनीसाठी, बरीच वर्षं घरूनच. कंपनीचं काम सांगायला सोपं आहे. आपल्याकडचे शिक्षक तिकडच्या पोरांना व्हिडिओवर गणित शिकवतात. वर्ग ठरवायचा, ठरल्या वेळेला त्याचं दार उघडायचं, तासाभरानं बंद करायचं आणि कोण आलं, कोण नाही याची हजेरी मांडायची. दार म्हणजे स्क्रीनवरचं एक बटण, पण आम्ही सगळे त्याला दारच म्हणतो. दार कधी उघडायचं हे ठरवणारा सगळा कोड माझा.

आता इथे थोडं यंत्रातलं सांगावं लागेल, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. जावात अशी वेळ नोंदवायचे दोन प्रकार आहेत. एक ऑफसेटवाला. तो दोन गोष्टी लिहून ठेवतो: घड्याळात किती वाजले आणि ते घड्याळ जागतिक वेळेच्या किती पुढे किंवा मागे आहे. म्हणजे ‘संध्याकाळचे सहा, उणे सात तास’. झालं. दुसरा प्रकार झोनवाला. तो सहा वाजल्याचं लिहितो आणि सोबत ते घड्याळ कुठल्या प्रदेशाचं, त्याचं नाव लिहितो. नाव आलं की त्या प्रदेशाचे नियमही आले: उन्हाळ्यात घड्याळ कधी पुढे करतात, थंडीत कधी मागे घेतात, की करतच नाहीत. पहिल्याजवळ नुसता आकडा असतो. दुसऱ्याजवळ तो आकडा काढायची रीत असते.

मी पहिला निवडला. का? तर मी अल्लीपूरची. आमच्या घरातल्या घड्याळाचे काटे कधी कोणी सरकवले असतील तर ते सेल संपल्यावर. माझ्या डोक्यात भारताची वेळ म्हणजे अधिक साडेपाच, मी जन्मले तेव्हाही साडेपाच, आत्ताही साडेपाच. ज्याच्या देशात नियम आणि आकडा एकच आहे, त्याला दोन्हींत फरक असतो हे पुस्तकात वाचून कळतं, पण अंगात मुरत नाही. मी वाचलेलं होतं. परीक्षा घेतली असती तर पैकीच्या पैकी मार्क मिळवले असते.

आमच्याकडे एकानं लिहिलेला कोड दुसरा तपासतो. माझा तो कोड एका नव्यानं लागलेल्या मुलीनं तपासला होता. तिनं शेजारी लिहिलं, ‘हे वर्ग सगळे पुढच्या तारखांचे आहेत. झोन ठेवायला नको का? ब्राऊझर झोनचं नाव देतो की.’ मी उत्तर दिलं, ‘गरज नाही. ऑफसेट पुरे.’ तेव्हा मी मोठी शहाणी होते. ती मुलगी वर्षभरात नोकरी सोडून गेली. तिचा तो प्रश्न आणि माझं ते उत्तर मात्र अजूनही तिथंच आहे, आमच्याकडे काही पुसलं जात नाही.

पहिल्याच नोव्हेंबरात दणका बसला. लॉस एंजेलिसची पोरं उन्हाळ्यात उणे सातवर असतात. तिकडे घड्याळं एक तास मागे घेतली की ती उणे आठवर जातात. माझ्या नोंदीत उणे सात कोरून ठेवलेलं. दर आठवड्याचा वर्ग पुढे ढकलताना प्रोग्राम सात दिवस मिळवायचा आणि तोच आकडा पुढे न्यायचा. परिणाम असा की सहाच्या वर्गाचं दार त्यांच्या घड्याळात पाचलाच उघडलं आणि सहाला बंद झालं. पोरं सहाला आली, दार बंद. आयांनी फोन करकरून आमच्या लोकांचे कान किटवले.

त्या वेळी नीट दुरुस्ती करायला हवी होती. मी जुगाड केला. एक छोटा प्रोग्राम लिहिला. नोव्हेंबरात तो चालवायचा आणि अमेरिकेतल्या सगळ्या पुढच्या वर्गांचा आकडा एकानं खाली करायचा, घड्याळातली वेळ तीच ठेवून. मार्चमध्ये उलटा चालवायचा. त्यातही क्रम सांभाळावा लागायचा. आधी उणे सातवाल्यांना उणे आठ करायचं, मग उणे सहावाल्यांना उणे सात. क्रम चुकला तर उणे सहावर असलेली डेन्व्हरची पोरं दोनदा सरकायची. तीन वर्षं मी वर्षातून दोनदा हे करत आले. करून झालं की दिवसभर डोकं धरून बसायचं आणि म्हणायचं, पुढच्या वर्षी पक्कं करू.

त्या वर्षीही मी तो चालवला, आणि तीन आठवड्यांनी सर आले.

सर म्हणजे अल्लीपूरच्या शाळेत मला गणित शिकवणारे सर. आता निवृत्त होऊन जवळच नालवाडीत राहतात. वर्गात त्यांचा एकच हट्ट होता, पायऱ्या दाखवा. उत्तर बरोबर आलं पण मधल्या पायऱ्या नसल्या की अर्धे मार्क. आम्ही रडायचो, भांडायचो. ‘उत्तर तं बरोबर हाये न सर!’ ते म्हणायचे, ‘आज बरोबर हाये. उद्या आकडा बदलला तं कुठून आनशीन?’ मला त्यांचा मनापासून राग यायचा.

त्यांना आमच्या कंपनीत मीच आणलं होतं. काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला, पॅरालिसिसचा झटका आल्यापासून ते घराबाहेर पडेनासे झाले होते. बोलणं कमी झालं होतं. मी सहज विचारलं, घरबसल्या शिकवता का? तर डोळ्यांत असा उजेड आला की बस. त्यांना एकच विद्यार्थिनी दिली गेली, अकरा वर्षांची, अपूर्णांकाला घाबरणारी. तिच्या आजोळची मंडळी नागपूरची, त्यामुळे घरात मोडकंतोडकं मराठी. दर मंगळवारी आपल्या सकाळी साडेसहाला वर्ग. तिकडे सोमवारचे संध्याकाळचे सहा. साडेसातला काकूंना मालिश करणारी बाई येते, काकूंना उठवून बसवायला दोन माणसं लागतात, म्हणून सरांनी साडेसहाची वेळ मागून घेतली होती. सोमवारी ते इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायचे. व्हिडिओत कोण बघतं इस्त्री? पण ठेवायचे.

तर सर आले. सकाळी दहाची वेळ, मी दुसरा चहा घेत होते. खाली स्कूटर लावून, जिना चढून, दारातच उभे राहिले.

“काम करून राह्यली का बेटा? पाच मिनटं बसू?”

“या न सर, बसा. चहा टाकते.”

“चहा राहू दे. मले एक गोष्ट समजून घ्यायची हाये.”

खिशातून त्यांनी कागद काढला. मोबाईलवर आलेलं पत्र त्यांनी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलं होतं. घडी उलगडून माझ्यापुढे ठेवलं. सलग तीन वर्गांना गैरहजर, सबब आपलं खातं थांबवण्यात येत आहे, विद्यार्थिनीला दुसरे शिक्षक देण्यात येतील. माझ्याच प्रोग्राममधून जाणारं पत्र. मजकूर कंपनीचा, पण ते कधी पाठवायचं हे मी लिहिलेलं.

“अख्ख्या नोकरीत मी एक दिवस घंटीच्या मागून शाळेत गेलो नाई,” सर म्हणाले. “तुले तं मालूम हाये. आन् हे म्हनते तीन वेळा गैरहजर.”

“मग तुम्ही आला नव्हता का सर?”

“आलो होतो न! साडेसहाले बसलो. दारच नाई उघडलं. साडेसातले उघडते म्हने. साडेसातले मी काकूले धरून उभा राह्यतो, तवा कसा येऊ?”

“पण अॅपमध्ये साडेसात लिहून आलं असेल न?”

“आलं होतं. पन पोरीनं मांगच्या वर्गात सांगतलं होतं. सर, आमच्या गावात घड्याळ बदलत नाई, तुमी त्याच टायमाले येजा. मंग मी कोनाचं ऐकू? थे तिथं राह्यते. तिच्या घरात भितीले घड्याळ हाये. अॅपच्या घरात हाये का?”

मी विचारलं, “कुठल्या गावची आहे ती सर?”

“फिनिक्स.”

अरे देवा. फिनिक्स ज्या राज्यात आहे, ते राज्य घड्याळाला हातच लावत नाही. उन्हाळा असो, थंडी असो, उणे सात म्हणजे उणे सात. आणि उन्हाळ्यात लॉस एंजेलिसही उणे सात. माझ्या नोंदीत दोघांचा आकडा एकच. कोण कुठलं, हे सांगणारं अक्षरही मी ठेवलं नव्हतं. माझा जुगाड आला, त्यानं सगळ्या उणे सातवाल्यांना एका काठीनं हाकलं आणि या पोरीलाही उणे आठ करून टाकलं. सहा वाजता, उणे आठ. म्हणजे आपल्याकडे साडेसात आणि फिनिक्सच्या भिंतीवर सात. पोरगी सहाला बसणार, दार बंद. सर साडेसहाला बसणार, दार बंद. ज्या तासाला दार उघडं, त्या तासाला दोघंही नाहीत. आणि हजेरी कोणाची घेतली जाते? शिक्षकाची.

“तुम्ही मला पहिल्याच आठवड्यात फोन का नाही केला सर?” मी जरा चिडूनच विचारलं. आपली चूक सापडली की माणूस आधी दुसऱ्यावर चिडतो.

“तुले काऊन तरास द्याचा? मदतीच्या नंबरवर लिवलं होतं. थे म्हने, कृपया अॅपमधली वेळ पाळा.” मग म्हणाले, “खातं गेलं तं गेलं बेटा. पन गैरहजर नोको लिहू म्हनाव. मी होतो.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं की सर, हे मी केलं. नाही सांगितलं. ‘बघते सर, काहीतरी गडबड दिसते,’ एवढंच म्हणाले. ते ‘बरं’ म्हणून जिना उतरले. स्कूटरला तीन किका माराव्या लागल्या. मी वरून मोजल्या.

दुपारी मॅनेजरशी बोलले. वाईट माणूस नाही तो, थकलेला आहे, माझ्यासारखाच. सगळं ऐकून म्हणाला, “अॅपमध्ये साडेसात दिसत होतं न? मग शिक्षकानं पाळलं नाही असंच होतं ते. कागदावर चूक त्यांचीच आहे. कशाला खाजवून खरूज काढतेस? डिसेंबरात आधीच कामाचा डोंगर आहे.”

खोटं सांगत नाही, क्षणभर मलाही ते पटलं. फिनिक्सची एक मुलगी आणि नालवाडीचे एक सर. गप्प बसले असते तर कोणाला कळणारही नव्हतं. मार्चमध्ये उलटा जुगाड चालला की तिची नोंद आपोआप उणे सातवर आली असती आणि चूक स्वतःच आपला माग पुसून गेली असती. इतकी थकलेली होते मी, की हा विचार मला आरामाचा वाटला. मग तो शर्ट आठवला आणि स्वतःचीच लाज वाटली.

“नाही,” मी म्हटलं. “अॅपच चुकीचं होतं. ते बरोबर होते. हजेरी दुरुस्त करायची आहे.”

“हजेरी दुरुस्त होत नाही, तुलाच माहिती आहे.”

तेही खरं होतं. झालेल्या वर्गांची नोंद आमच्याकडे बदलता येत नाही, आणि तसंच बरोबर आहे. होऊन गेलेल्या वेळेला आकडा पुरतो. त्या मंगळवारी साडेसातला दार उघडलं आणि समोर कोणी नव्हतं, हे घडून गेलं. आता जगातलं कुठलंही सरकार घड्याळ फिरवो, ते घडलेलं हलत नाही. जी वेळ अजून आलेली नाही, तिच्यासाठी रीत लागते. मी नेमकं तिथं आकडा कोरून बसले होते.

शेवटी मॅनेजर म्हणाला, “नोंदीखाली शेरा लिही. तांत्रिक कारणामुळे म्हण. मी खातं चालू करतो. विषय संपला.”

मी लिहिला. ‘तांत्रिक कारणामुळे वर्गाचे दार चुकीच्या वेळी उघडले. शिक्षकांचा दोष नाही.’ वाचायला छान होतं. छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ती नोंद मोबाईलमध्ये घेऊन मी नालवाडीला गेले.

काकू पलंगावर बसल्या होत्या, पाठीला लोड. सरांनी चष्मा लावून ते सगळं सावकाश वाचलं. तीनही ओळी. गैरहजर, गैरहजर, गैरहजर. आणि खाली माझा शेरा.

“तांत्रिक म्हंजे कोन?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे... यंत्रातली चूक सर.”

“यंतर आपल्या मनानं करते का? कोनी तं सांगतलं असन त्याले.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना नीट बोलता येत नाही, पण पाहता नीट येतं. मी मान खाली घातली आणि म्हटलं, “मी सांगितलं होतं सर. तो कोड माझा आहे.”

सर उठले, कपाटातून एक वही आणि पेन आणला आणि माझ्यापुढे ठेवला. “समजावून सांग.”

चाळिशी ओलांडलेली बाई मी. त्या दिवशी त्यांच्या समोर बसून वहीत लिहिलं. वर लिहिलं, ‘सहा वाजता, उणे सात’. खाली लिहिलं, ‘सहा वाजता, फिनिक्स’. त्याखाली, ‘सहा वाजता, लॉस एंजेलिस’. सांगितलं की सप्टेंबरात या तिन्हींचा अर्थ एकच निघतो, म्हणून मला वाटलं काही लिहा, सारखंच. नोव्हेंबरात तिसऱ्याचा आकडा उणे आठ होतो, दुसऱ्याचा होत नाही. आणि पहिल्याकडे नुसतं पाहून तो या दोघांपैकी कोण आहे, हे देवाच्या बापालाही सांगता येत नाही. सर मध्ये मध्ये विचारत होते. तिथलं सरकार उद्या म्हणालं की आम्हीही घड्याळ बदलू, तर? मी म्हटलं, नाव लिहिलेलं असेल तर काळजी नाही सर, नियमांची नवी यादी येते, ती बसवली की वेळ पुन्हा काढली जाते. नुसता आकडा असेल तर तो चुकीचा आकडाच घेऊन बसायचा.

त्यांनी वहीतल्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

“म्हंजे तू उत्तर लिवून ठेवलं,” ते म्हणाले. “पायऱ्या नाई लिवल्या.”

मला रडू आलं. हसूही आलं, पण रडू आधी आलं. सर रागावले असते तर बरं झालं असतं. ते रागावले नव्हते, थकले होते. एवढी वर्षं एकच गोष्ट सांगून थकलेला माणूस जसा बोलेल तसं ते बोलले.

“कोनी सांगतलं नाई का तुले तवा?”

“सांगितलं होतं. एका मुलीनं. मी ऐकलं नाही.”

“मंग थे बी लिव,” सर म्हणाले.

तिथंच बसून मी शेरा बदलला. शेरा बदलता येतो, फक्त नोंद बदलत नाही. लिहिलं की पुढच्या वर्गांची वेळ नोंदवताना प्रदेशाचं नाव न ठेवता केवळ ऑफसेट ठेवण्याचा निर्णय माझा होता. कोड तपासताना याबाबत सूचना मिळाली होती, ती मी फेटाळली. शिक्षक व विद्यार्थिनी दोघांनी योग्य वेळ पाळली, दार चुकलं. माझं नाव लिहिलं. सरांना वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, “आता चहा घे.”

मॅनेजरनं शेरा वाचला तेव्हा फोनवर नुसता सुस्कारा सोडला. “हे लिहायची काय गरज होती?” मी म्हटलं, पुढच्यानं पुन्हा तेच करू नये म्हणून. त्याचं समाधान झालं नाही. माझंही फारसं झालं नव्हतं. त्या वर्षी माझ्या कामाच्या मूल्यमापनात ते आलं, यायचंच होतं.

पण त्या शेऱ्यामुळे एक झालं. दुरुस्ती टाळता येईना. डिसेंबरभर मी तेच केलं. पुढच्या प्रत्येक वर्गासाठी आता दोन रकाने: घड्याळातली वेळ, आणि झोनचं नाव. आकडा कुठेच लिहून ठेवायचा नाही. दार उघडायची वेळ जवळ आली की जावाच्या झोनवाल्या प्रकारानं तो त्या त्या वेळी काढायचा. लिहायला फार नव्हतं. खरी कटकट वेगळीच होती. जुन्या नोंदींना झोन कुठून आणायचा? आकड्यावरून गाव निघत नाही. मी फेकून दिलेली गोष्ट मला घरोघर जाऊन मागावी लागली. प्रत्येक पालकाला एक फॉर्म पाठवला: आपण कोणत्या शहरात राहता? खाली एक रिकामी चौकट: आणखी काही सांगायचे असल्यास. उत्तरं आली, काहींनी दोन दोन स्मरणपत्रं खाल्ली, काहींनी आम्हालाच सुनावलं की एवढंही तुम्हाला माहीत नाही का. बरोबरच सुनावलं. मी रोज सकाळी बसायची आणि एकेक गाव भरायची.

सरांचं खातं चालू झालं होतं, पण साडेसहाचा वर्ग नव्हता. मुलगी दुसऱ्या शिक्षकांकडे गेलेली. मी म्हटलं, परत मागवू का? सरांनी हात हलवला. “राहू दे. पोरीची घडी बसली असन. मोठ्या मान्सांच्या चुकीपायी लेकरू इकडून तिकडे नोको करू.” दुसरी विद्यार्थिनी घ्या म्हटलं, तर बघू म्हणाले. म्हणजे नाही. शर्टाची इस्त्री बंद झाली असणार, मी विचारलं नाही.

फिनिक्सचा फॉर्म फार उशिरा आला, संक्रांतीच्या आसपास. शहराच्या जागी फिनिक्स. मी झोन भरला आणि सवयीनं पुढच्या फॉर्मवर जाणार, तर खालच्या चौकटीत काहीतरी लिहिलेलं दिसलं. पोरीच्या आईनं इंग्रजीत लिहिलं होतं. नव्या शिक्षिका चांगल्या आहेत, पण मुलगी त्यांच्या वर्गाला बसत नाही. दर सोमवारी सहाला ती वही उघडून जुन्या सरांच्या बंद दारासमोर बसते, आम्ही सांगून थकलो. तुमच्याकडून कळलं की सर येईनासे झाले. ती म्हणते, सर न सांगता असं करणार नाहीत. आम्हाला भीती वाटते म्हणून विचारतो. सर आहेत ना?

मी लॅपटॉप बंद केला आणि तशीच नालवाडीला गेले. सर काकूंचा हात चोळत बसले होते. मी मोबाईलवर मराठी करून सगळं वाचून दाखवलं. ‘सर आहेत ना’पाशी थांबले.

सरांनी हात चोळणं थांबवलं नाही. त्यांची नजर काकूंच्या बोटांवर होती.

“वर्ग परत लावते सर,” मी म्हटलं. “मंगळवारचा, साडेसहाचा. फिनिक्स लिहून.”

“लाव,” ते म्हणाले. “पन थ्याच्या आंधी तिले एक कळवजो.”

“काय कळवू?”

“म्हनाव, मी बी बसलो होतो.”